ताणावरच चालणारं क्रॉस ब्रेसिंग: कोणता कर्ण कधी काम करतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्टील फ्रेममधल्या क्रॉस ब्रेसिंगबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यातले बरेचसे फिरून एकाच जागी येतात: आडवं बल उलटलं की दोनपैकी कोणता कर्ण धरायचा? उत्तरं एकमेकांशी ताडून पाहता यावीत म्हणून खाली सगळीकडे एकच फ्रेम घेतली आहे.

फ्रेमला एकच गाळा आहे, रुंदी ६ मीटर, उंची ४ मीटर. सगळे सांधे पिनचे. डाव्या कॉलमच्या माथ्यावर ६० किलोन्यूटन आडवं बल उजवीकडे ढकलतं. कर्णाची लांबी ७.२१ मीटर. दोन्ही कर्ण ६५×६५×६ मिमीचे अँगल आहेत, क्षेत्रफळ ७४४ चौरस मिमी, स्टीलचा यील्ड २५० मेगापास्कल, आणि दोघं मधोमध बोल्टने एकमेकांना जोडलेले. डाव्या पायापासून उजव्या माथ्यापर्यंत जाणारा तो कर्ण 'क', उजव्या पायापासून डाव्या माथ्यापर्यंत जाणारा तो कर्ण 'ख'. आकडे लोड फॅक्टर न लावता दिले आहेत.

१. "टेन्शन-ओन्ली" म्हणजे दाबातला कर्ण खरंच काहीच घेत नाही का?

घेतो, पण थोडंसं. 'काहीच घेत नाही' हे हिशेबासाठी धरलेलं गृहीतक आहे.

आपल्या अँगलची सर्वात कमजोर अक्षाभोवतीची त्रिज्या (रेडियस ऑफ जायरेशन) १२.६ मिमी आहे. मधोमध बोल्ट असल्यामुळे बाक येण्यासाठी अर्धी लांबी, म्हणजे सुमारे ३६०६ मिमी, धरता येते. त्यावरून कृशता, म्हणजे स्लेंडरनेस, २८६ येते आणि ऑयलरच्या सूत्राने बाक येण्याचं बल साधारण १८ किलोन्यूटन. हाच अँगल ताणात १८६ किलोन्यूटनपर्यंत यील्ड होत नाही. म्हणजे दाबातली ताकद ताणातल्या ताकदीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि तीही अँगल अगदी सरळ असेल तर. म्हणून ती सोडून दिली जाते.

मधला बोल्ट काढला तर कृशता ५७२ होते आणि बाक येण्याचं बल जेमतेम ४.५ किलोन्यूटन उरतं. वारा किंवा भूकंपामुळे बल उलटतं तेव्हा दाबात निरुपयोगी धरलेल्या ब्रेसिंगसाठी आयएस ८०० (२००७) मध्ये कृशतेची मर्यादा ३५० आहे. म्हणजे आपल्या फ्रेममध्ये तो एक बोल्ट नसेल तर कर्ण नियमातच बसत नाही. ड्रॉइंगवर हा बोल्ट दाखवलेला असतो आणि साइटवर 'भोकं जुळत नाहीत' म्हणून सर्रास सोडून दिला जातो. तपासणीत आधी तोच बघावा.

दाबातला वाटा सोडून देणं प्रत्येक वेळी सुरक्षित असतंच असं नाही. त्याबद्दल प्रश्न ११.

२. बल उजवीकडे ढकलत असेल तर काम कोणता कर्ण करतो? पाठ करण्याजोगा नियम आहे का?

पाठ करू नका, लांबी बघा. माथा उजवीकडे सरकला की उजवा माथा डाव्या पायापासून लांब जातो, म्हणून 'क' ताणला जातो. डावा माथा उजव्या पायाजवळ येतो, म्हणून 'ख' आखडतो आणि ढिला पडतो. काम 'क' करतो. बल उलटून डावीकडे आलं की भूमिका बदलतात आणि 'ख' कामाला लागतो.

थोडक्यात सांगायचं तर मजला ज्या बाजूला सरकतो त्या बाजूला ज्याचं वरचं टोक आहे, तो कर्ण ताणात. यात 'सरकतो' हा शब्द महत्त्वाचा. बलाचा बाण आणि मजल्याचं सरकणं बहुतेक वेळा एकाच दिशेला असतं, नेहमी नाही. जिथे ते फसतं ते प्रश्न ८ मध्ये.

३. कर्ण दोन आहेत, मग ६० किलोन्यूटन दोघांत अर्धं अर्धं का नाही वाटायचं?

कारण अर्ध्या वाट्यासाठी 'ख' ला ३६ किलोन्यूटन दाब घ्यावा लागेल आणि तो १८ लाच बाकतो.

एकटा 'क' असेल तर हिशेब सोपा. कर्णाच्या कोनाची कोसाइन ०.८३२, म्हणून 'क' मधला ताण ६० ÷ ०.८३२ = ७२.१ किलोन्यूटन. पण फरक फक्त कर्णात पडतो असं समजू नका. 'क' उजव्या माथ्याला ४० किलोन्यूटनने खाली ओढतो, ते सगळं उजव्या कॉलममध्ये दाब म्हणून उतरतं. डाव्या कॉलममध्ये आडव्या बलामुळे काहीच येत नाही. बल डाव्या माथ्यावर लागत असल्यामुळे ते 'क' च्या टोकापर्यंत पोचवायला बीममध्ये पूर्ण ६० किलोन्यूटन दाब येतो.

दोन्ही कर्ण बरोबरीने काम करतात असं चुकून धरलं तर उत्तर काय येतं? कर्णांत ३६ ताण आणि ३६ दाब, उजव्या कॉलममध्ये दाब फक्त २०, डाव्या कॉलममध्ये २० ताण, बीममध्ये ३०. म्हणजे उजवा कॉलम आणि बीम दोन्ही निम्म्या बलावर डिझाइन होतात. कर्णाचा ताण दुप्पट करायचं बऱ्याच जणांच्या लक्षात असतं, कॉलम आणि बीमचं विसरतात.

सरकणंही दुप्पट होतं. एकट्या 'क' चा आडवा कडकपणा दर मिमीला १४.३ किलोन्यूटन आहे, म्हणून माथा ४.२ मिमी सरकतो. दोन्ही धरले तर कागदावर २.१ मिमी दिसतो.

४. कॉलममध्ये सॉफ्टवेअर दाब दाखवतंय, तरी फाउंडेशनवाले अपलिफ्ट म्हणतात. खरं कोणाचं?

दोघांचंही. कारण कर्णाचं खालचं टोक कॉलमला चिकटून बेस प्लेटवर येतं आणि कर्णातलं बल कॉलमच्या वरच्या भागातून जातच नाही.

समजा डाव्या कॉलमवर छताचं वजन २५ किलोन्यूटन आहे. कॉलममध्ये २५ चा दाब आहे आणि तो तसाच राहतो. पण 'क' पायाला ४० ने वर खेचतो. म्हणून बेस प्लेटच्या खाली १५ किलोन्यूटन निव्वळ उचल येते आणि शिवाय पूर्ण ६० चं आडवं बल त्याच पायावर येतं, कारण 'ख' ढिला असल्यामुळे उजव्या पायाला आडवं काहीच मिळत नाही. म्हणजे जो पाया उचलला जातोय त्याच्याच अँकर बोल्टना सगळा आडवा शिअरही घ्यायचाय. बोल्टचं डिझाइन कॉलममधलं बल पाहून केलं तर हे सुटतं. सपोर्टची रिअॅक्शन पाहा.

बल उलटलं की हे सगळं उजव्या पायावर जातं. दोन्ही पाये सारखेच बांधायचे.

५. फ्रेम सममित असेल तर एकाच दिशेचं विश्लेषण करून आरशासारखं उलटवलं तर चालेल?

गाळा, वजन, सपोर्ट सगळं सममित असेल तर चालेल. व्यवहारात एका बाजूला क्रेनचा कॉलम असतो, दुसऱ्या बाजूला दरवाज्यासाठी रिकामा गाळा असतो, वजनं वेगळी असतात. सॉफ्टवेअरला दुसरी दिशा चालवायला मिनिटभरही लागत नाही, त्यामुळे ही बचत करण्यात अर्थ नाही.

६. मॉडेलमध्ये दोन्ही कर्णांना 'टेन्शन-ओन्ली' लावलं, तर नुसत्या डेड लोडला सॉफ्टवेअर 'अनस्टेबल' म्हणतं. चूक कुठे?

बहुतेक वेळा मॉडेलमध्ये चूक नसते, लोड केस चुकीचा असतो. वजनाने कॉलम किंचित आखडतात. आपल्या फ्रेममध्ये ४००० चौरस मिमीचे कॉलम धरले तर २५ किलोन्यूटनने ०.१२५ मिमी. त्यासोबत दोन्ही कर्ण सुमारे ०.०७ मिमी आखडतात आणि दोघांत साधारण १.४ किलोन्यूटन दाब येतो. सॉफ्टवेअर नियमाप्रमाणे दाबातले कर्ण काढून टाकतं. दोन्ही गेले की पिनच्या सांध्यांची फ्रेम म्हणजे नुसता चौकोन, जो हलक्या बोटाने कलंडेल. म्हणून 'अनस्टेबल'.

खऱ्या फ्रेमला काही होत नाही. ती जरा जरी कलली तरी एक कर्ण ताणला जाऊन तिला धरतो. उपाय असा, की डेड लोड एकटा चालवायचाच नाही. त्याच्यासोबत उभारणीतल्या कलण्यासाठीचं काल्पनिक आडवं बल (नोशनल लोड) एका दिशेने लावायचं, मग दुसऱ्या दिशेने. असं केलं की प्रत्येक वेळी एक कर्ण शिल्लक राहतो. कर्णाला छोटी दाबक्षमता देऊन 'एरर' घालवणारेही असतात. त्याने एरर जाते, पण स्तंभांची स्थिरता कोणी तपासली नाही हे झाकलं जातं.

आणखी एक प्रकार दिसतो: दर फेरीत सॉफ्टवेअर कर्ण काढतं, परत घालतं, परत काढतं आणि कधीच थांबत नाही. हे बहुधा शून्याच्या आसपास बल असलेल्या कर्णांमुळे होतं. कुठला कर्ण आत-बाहेर होतोय ते फेरीनिहाय बघा, त्याची दिशा हाताने ठरवा आणि त्या कॉम्बिनेशनपुरता दुसरा कर्ण मॉडेलमधून काढून टाका.

७. वाऱ्याचे चार केस वेगवेगळे सोडवले आणि मग फॅक्टर लावून बेरीज केली. कोणी म्हणतं चालत नाही. का?

कारण कर्ण ढिला पडतो की नाही हे एकूण बलावर ठरतं, एकेका केसवर नाही. सुपरपोझिशनचं गृहीतकच इथे मोडतं.

सर्वात उघड उदाहरण बघा. उजवीकडे ६० लावलं तर 'क' मध्ये ७२.१ आणि 'ख' मध्ये शून्य. डावीकडे ६० लावलं तर 'क' मध्ये शून्य आणि 'ख' मध्ये ७२.१. दोन निकालांची बेरीज केली तर दोन्ही कर्णांत ७२.१ ताण दिसतो, आणि फ्रेमवर प्रत्यक्षात बल आहे शून्य.

इतका ढोबळ घोटाळा लगेच पकडला जातो. डेड लोड, क्रेन आणि वारा अशा मिश्र कॉम्बिनेशनमध्ये मात्र दहा-पंधरा टक्क्यांची चूक बेमालूम निघून जाते. म्हणून आधी बलं फॅक्टरसकट एकत्र करायची आणि ते पूर्ण कॉम्बिनेशन एका दमात सोडवायचं. एन्व्हलप काढायचा असेल तर तो सोडवलेल्या कॉम्बिनेशनांवरून काढायचा. सॉफ्टवेअरमध्ये 'लोड कॉम्बिनेशन' म्हणून जे येतं ते अनेकदा निकालांची बेरीज असतं, तेव्हा आपलं कुठल्या प्रकारचं आहे ते एकदा खात्री करून घ्या.

८. मजला उजवीकडे कललाय, तरी वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअरने 'ख' ला ताणात दाखवलं. हे शक्य आहे?

शक्य आहे, आणि अनेक मजली इमारतींमध्ये सॉफ्टवेअर बरोबर असतं. 'मजला ज्या बाजूला सरकतो' हा प्रश्न २ मधला नियम पाया स्थिर आहे असं धरतो. वरच्या मजल्याचा 'पाया' स्वतःच फिरलेला असतो.

नेमका नियम कर्णाच्या लांबीतल्या बदलाचा. कर्णाच्या खालच्या टोकाच्या तुलनेत वरचं टोक आडवं u आणि उभं v सरकलं (u कर्णाच्या झुकावाच्या दिशेने, v वरच्या दिशेने धन), तर

```
e = u·cosθ + v·sinθ
```

e धन तर ताण, ऋण तर ढिला.

आता समजा खालच्या मजल्यांमुळे आपला गाळा घड्याळाच्या दिशेने हजारात एक इतका फिरला. उजवा कॉलम खाली दबला, डावा वर ताणला गेला. नुसत्या या फिरण्याने माथा ४ मिमी उजवीकडे जातो आणि उजवी बाजू डावीपेक्षा ६ मिमी खाली येते. 'क' साठी e = ४×०.८३२ − ६×०.५५५ = शून्य. म्हणजे मजला ४ मिमी कललाय आणि कर्णाला त्याचा पत्ताही नाही, कारण गाळ्याचा आकार बदललेलाच नाही, तो फक्त फिरलाय.

आता याच फिरण्यात माथा ४ ऐवजी ३ मिमीच सरकला असं घ्या. 'क' साठी e = ३×०.८३२ − ६×०.५५५ = उणे ०.८३ मिमी. 'ख' साठी आडवा भाग उलट्या चिन्हाने येतो आणि उभा धन: −३×०.८३२ + ६×०.५५५ = अधिक ०.८३ मिमी. मजला उजवीकडे कलला आहे, आणि काम करतोय 'ख'.

हे घडतं ते ब्रेसिंगची फ्रेम आणि मोमेंट फ्रेम एकाच इमारतीत मजल्यांनी बांधलेली असतात तेव्हा. ब्रेसिंगची फ्रेम उभ्या दांडीसारखी वाकत जाते, तिचा कल वर वाढत जातो. मोमेंट फ्रेमचा कल वर कमी होत जातो. वरच्या मजल्यांवर मोमेंट फ्रेम ब्रेसिंगला मागे ओढते आणि ब्रेसिंगमधला शिअर उलटतो.

एकमजली इमारतीतही याचं भावंड भेटतं. प्लॅन असममित असेल आणि इमारत पिळली गेली तर बल उजवीकडे असूनही एका टोकाची फ्रेम डावीकडे सरकू शकते. तिथे बाणाकडे बघून कर्ण ठरवला तर चुकीचा कर्ण निवडला जातो. त्या फ्रेमच्या सांध्यांचं सरकणं वाचा आणि वरच्या सूत्रात घाला.

९. रिस्पॉन्स स्पेक्ट्रममध्ये तर दिशा आणि चिन्हच नसतं. मग कर्ण कसा निवडायचा?

निवडता येत नाही. स्पेक्ट्रमची पद्धत रेषीय आहे, तिला 'टेन्शन-ओन्ली' समजत नाही. बरीच सॉफ्टवेअर तिथे दोन्ही कर्ण पूर्ण धरतात आणि काही बोलत नाहीत. आपल्या फ्रेमचा कडकपणा दुप्पट होतो, नैसर्गिक कालावधी सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो, आणि कर्णातला ताण निम्मा दिसतो. एक चूक बल वाढवते, दुसरी कमी करते, आणि हिशेब ठीक असल्याचा भास होतो.

चालणारा मार्ग असा: दोन्ही कर्ण ठेवायचे, पण प्रत्येकाचं क्षेत्रफळ अर्धं द्यायचं. कडकपणा आणि कालावधी बरोबर येतात. कर्णाचं मिळालेलं बल दुप्पट करून पूर्ण क्षेत्रफळावर तपासायचं. कॉलम आणि बीमची बलं मात्र यातून घेऊ नका, ती प्रश्न ३ मधल्या 'अर्धं अर्धं' सारखी चुकतात. त्यासाठी या विश्लेषणातून मिळालेला मजल्याचा शिअर घ्या, तो स्थिर बल म्हणून एकाच कर्णाच्या मॉडेलवर आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने लावा.

१०. टर्नबकलने कर्ण आधीच ताणून ठेवले तर दोन्ही काम करतात का? आणि तो ताण वाऱ्याच्या ताणात मिळवायचा का?

पहिल्याचं उत्तर 'काही वेळ', दुसऱ्याचं 'नाही'. हा प्रश्न येतो तेव्हा उत्तर बहुधा उलटं गृहीत धरलेलं असतं.

दोन्ही कर्णांत आधीच १० किलोन्यूटन ताण भरला असं घ्या. बल वाढू लागलं की 'क' चा ताण वाढतो आणि 'ख' चा तेवढाच घटतो. 'ख' अजून ताणातच आहे, म्हणून तोही खरं काम करतो आणि कडकपणा दुप्पट असतो. आडवं बल १६.६ किलोन्यूटनला पोचलं की 'ख' शून्यावर येतो. तिथून पुढे 'क' एकटा.

६० ला 'क' मध्ये किती? ८२.१ नाही, ७२.१ च. 'ख' शून्यावर गेला की समतोलाला फक्त 'क' उरतो, आणि ६० ÷ ०.८३२ म्हणजे ७२.१. आधी भरलेला ताण तोवर संपलेला असतो. फायदा दिसतो तो सरकण्यात: ४.२ ऐवजी ३.६ मिमी. रोजच्या हलक्या वाऱ्यात, १६.६ च्या आत, फ्रेम दुप्पट कडक राहते आणि कर्ण खडखडत नाहीत.

ताण भरताना कॉलमकडे बघा. प्रत्येक कॉलमला त्यामुळे ५.५ किलोन्यूटन जादा दाब मिळतो. एकच टर्नबकल आवळत गेलात तर फ्रेम ओळंब्यातून जाते. दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे.

११. दाबातला कर्ण हिशेबातून वगळणं म्हणजे नेहमी सुरक्षित बाजूला राहणं, बरोबर?

कर्णासाठी आणि दाबातल्या कॉलमसाठी, हो. बाकीच्यांसाठी तपासून बघावं.

प्रश्न ३ मध्ये डाव्या कॉलममध्ये आडव्या बलाचं काहीच येत नाही असं म्हटलं. प्रत्यक्षात 'ख' बाकण्यापूर्वी १८ किलोन्यूटन दाब घेईल आणि त्याने डावा माथा १० किलोन्यूटनने वर ढकलला जाईल. डाव्या कॉलममध्ये १० चा ताण. वर २५ चं वजन असेल तर काही बिघडत नाही. हलक्या शेडमध्ये छतावर वाऱ्याचं शोषण असेल तर मात्र कॉलमच्या जोडाला, म्हणजे स्प्लाइसला, हा ताण लागतो.

दुसरी गोष्ट गसेट प्लेटची. 'ख' बाकला की तो प्रतलाबाहेर फुगतो आणि त्याची टोकं वळतात. अँगलचं टोक गसेटच्या वेल्डच्या रेषेला भिडवलं असेल तर प्लेटला दुमडायला जागा नसते आणि चीर वेल्डमध्ये जाते. कर्णाचं टोक आणि प्लेट जिथे पक्की धरलेली आहे ती रेषा, यांच्यामध्ये प्लेटच्या जाडीच्या दुप्पट मोकळी पट्टी ठेवली तर प्लेट तिथे निमूट दुमडते. भूकंपाच्या डिझाइनमध्ये हे तपशील कर्णाच्या साइजपेक्षा जास्त मोलाचे ठरतात, हे माझं मत.

१२. साइटवर एक कर्ण कडक आणि दुसरा लोंबतोय. वारा नाही, काही नाही. कशामुळे?

दोन संशयित. पहिला ओळंबा. फ्रेमचा माथा १० मिमी उजवीकडे गेलेला असेल तर 'क' च्या दोन टोकांतलं अंतर ८.३ मिमीने वाढतं, 'ख' चं तेवढंच घटतं. दोन्ही कर्णांच्या सांध्यांमधलं अंतर टेपने मोजा. फरक १६-१७ मिमी आला तर कर्ण नव्हे, फ्रेम सरळ करायची आहे. लोंबणारा कर्ण आवळून फ्रेम ओढून आणणं शेवटचा उपाय, आणि तेव्हा दुसरा आधी सोडायला लागतो.

दुसरा संशयित बोल्टची भोकं. २० मिमीच्या बोल्टला २२ मिमीची भोकं असतात. बोल्ट दोन्ही भोकांच्या मधोमध बसला असेल तर पकड येण्याआधी एकेका टोकाला २ मिमीपर्यंत घसरण होऊ शकते, दोन टोकांना मिळून ४ मिमी. माथ्याच्या सरकण्यात ते ४.८ मिमी होतं. लवचीक सरकणं ४.२ आहे हे लक्षात घेतलं तर नुसती ढिलाई त्याहून जास्त झाली. बल उलटताना ही मोकळीक दोन्ही बाजूंनी ओलांडावी लागते आणि तेव्हाच तो 'खट्' आवाज येतो. उपाय: घर्षणावर धरणारे, नीट ताणलेले हाय स्ट्रेंथ बोल्ट, किंवा कर्ण दोन-तीन मिमी आखूड बनवून ड्रिफ्ट पिनने ओढून बसवणं.

१३. मोठ्या भूकंपात 'क' यील्ड झाला. बल उलटून परत आलं तर पुन्हा 'क' च धरायचा ना?

लगेच नाही. इथे 'कोणता कर्ण' याचं उत्तर काही काळ 'कोणताही नाही' असं असतं.

'क' ९ मिमी लांबला की यील्ड होतो, तेव्हा माथा १०.८ मिमी सरकलेला असतो. भूकंपाने तो ३० मिमीपर्यंत नेला असं घ्या. 'क' एकूण २५ मिमी ताणला गेला, त्यातले १६ मिमी कायमचे. माथा परत येताना १९.२ मिमीवरच 'क' ढिला पडतो. 'ख' अजून शाबूत आहे, तो शून्यावरून पुढे ताणला जाईल. म्हणून १९.२ पासून शून्यापर्यंत फ्रेमला ब्रेसिंगच नाही. मग डावीकडेही ३० मिमी गेली तर 'ख' सुद्धा १६ मिमीने लांबला. आता उजवीकडच्या १९.२ पासून डावीकडच्या १९.२ पर्यंत, एकूण ३८.४ मिमीच्या पट्ट्यात, फ्रेम मोकळी झुलते आणि दोन्ही टोकांना झटका देऊन थांबते.

बाकलेल्या कर्णाला दाबून पुन्हा आखूड करता येत नाही, म्हणून ही ढिलाई फक्त वाढत जाते. पुढचा झोका पहिल्याएवढाच आला तर यील्ड होऊन ऊर्जा खाण्यासारखं फारसं काही उरत नाही. भूकंपाच्या संहिता इतक्या सडपातळ कर्णांवर नाराज असतात ते यामुळेच. युरोकोड ८ विश्लेषणात फक्त ताणातला कर्ण धरायला सांगतो, पण दोनपेक्षा जास्त मजल्यांच्या इमारतीत क्रॉस ब्रेसिंगची मितिरहित कृशता १.३ ते २.० मध्येच हवी असं म्हणतो. आपल्या अँगलची ती ३.२ येते. वाऱ्यासाठी ठीक, छोट्या शेडसाठी ठीक, भूकंपप्रवण भागातल्या पाच मजल्यांसाठी नाही.

घटना होऊन गेल्यावर कोणता कर्ण यील्ड झाला ते डोळ्यांनीही कळतं. रंग आडव्या बारीक रेघांत तडकलेला दिसला तर तो ताणला गेला. रंग शाबूत पण अँगल प्रतलाबाहेर वाकडा असेल तर तो फक्त बाकला. दोन्ही खुणा एकाच कर्णावर असतील तर तो बदला.

१४. एकाच गाळ्यात दोन कर्ण न घालता दोन गाळ्यांत एकेक विरुद्ध दिशेचा घातला तर?

चालतं. मात्र दोघांना जोडणारा बीम आणि त्याचे जोड पूर्ण मजल्याचा शिअर पोचवायला पुरेसे हवेत, कारण प्रत्येक दिशेला एकच गाळा काम करतो. दोन गाळ्यांमधली रांग दरवाज्यासाठी तोडली तर एका दिशेला ब्रेसिंगच उरत नाही.

१५. उलट्या 'व्ही' आकारात, बीमच्या मध्यावर येणारे दोन सडपातळ कर्ण चालतील का?

नाही. दाबातला कर्ण ढिला पडला की ताणातला बीमला मधोमध खाली ओढतो आणि बीमला खालून आधार द्यायला कोणी नसतं. ते बल बीमला वाकवून घ्यावं लागतं, आणि तेवढा जड बीम घालायचा तर सडपातळ कर्णांची बचत तिथेच संपते.